सावलीतला आकडा आणि उन्हातला पत्रा

(वडनेर भोलजी येथील स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि तासाभरात तो आकडा देशभर पोहोचला. हवामान विभागाने तपासणी केली तेव्हा संवेदकात बिघाड असल्याचे निघाले. शहरातल्या व्यवस्थित चालणाऱ्या केंद्रांवर त्या दिवशी ४४ अंशांच्या आसपास नोंद होती. छप्पन्न अंश खोटे ठरले, आणि ते खोटेच होते. पण त्याच दुपारी नागपुरात किंवा इकडे नांदुरा-मलकापूर पट्ट्यात एखाद्या शाळेच्या पटांगणातल्या लोखंडी घसरगुंडीला, देवळासमोरच्या काळ्या फरशीला किंवा उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला तापमापक लावला असता, तर छप्पन्नाच्या कितीतरी वरचे आकडे मिळाले असते. त्यात बिघाड नसता आणि त्यांची बातमीही झाली नसती.

हवेचे तापमान आणि वस्तूच्या पृष्ठभागाचे तापमान ही दोन वेगळी मापे आहेत. त्यांच्यातला फरक वीस-तीस अंशांचा असू शकतो. मेच्या दुपारी वडनेर भोलजीत मूल भाजते ते या दुसऱ्या मापामुळे, आणि वर्तमानपत्रात रोज छापले जाते ते पहिले.

हवामान केंद्रातला तापमापक उन्हात ठेवलेला नसतो. तो जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंनी झिलमिली असलेल्या लाकडी पेटीत असतो. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी ही पेटी एकोणिसाव्या शतकात सुचवली आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे. पेटीचे काम एकच: वारा आत येऊ द्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचे. कारण तापमापकावर ऊन पडले की तो हवेचे तापमान सांगायचे सोडून स्वतःचे सांगू लागतो. काचेवर आणि पाऱ्यावर पडलेले ऊन त्यातच मुरते. म्हणून अकोल्याचा ४५ अंशांचा आकडा हा सावलीतला, वारा खेळत असलेल्या जागेतला असतो. उन्हातल्या वस्तूबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि तसे सांगण्यासाठी तो नसतोही.

उन्हाचा प्रवास पाहिला की कारण उलगडते. निरभ्र दुपारी सूर्य डोक्यावर असताना जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट इतकी ऊर्जा पडते, म्हणजे घरातल्या एका इस्त्रीएवढी. स्वच्छ हवा या प्रकाशाला जवळपास अडवत नाही. ऊन तिच्यातून आरपार येते आणि थेट जमिनीवर, दगडावर, पत्र्यावर आदळते. तापतात त्या या वस्तू. हवा त्यांना स्पर्श करून तापते, म्हणजे नंतर तापते आणि कमी तापते. वडनेर साधारण पावणेएकवीस-एकवीस अक्षांशावर आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात, नवतपा लागतो त्याच सुमारास, इथे दुपारी साडेबाराच्या आत-बाहेर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच गोळा होते. पावसाळ्याचे ढग अजून आलेले नसतात आणि जमीन कोरडी असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीला याहून जास्त ऊन वर्षात क्वचितच मिळते.

याच काळ्या मातीवर महाराष्ट्रात जो अभ्यास झाला, त्याची आठवण या विषयात अपरिहार्य आहे. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास (१९०० ते १९७९) हवामान खात्यात आले. पुण्यात १९३२ साली कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. जमिनीलगतची हवा हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. चार फुटांवरच्या पेटीत जे घडते ते जमिनीवरच्या पिकाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी धरून ठेवले आणि जमिनीला चिकटलेल्या थराची मोजमापे घेतली. तापलेल्या पृष्ठभागाला लागून असलेल्या अगदी पातळ थरात तापमान झपाट्याने उतरते आणि बोटभर वर गेले तरी आकडा बदलतो, हे त्या कामातून पुढे आले. नॅशनल हायवेवर दुपारी डांबरावर पाणी असल्यासारखे जे चमकते, ते याच थरामुळे.

रामदास आणि त्यांचे सहकारी द्रविड यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या कामातला एक प्रयोग इथे विशेष मोलाचा आहे. पुण्याच्या काळ्या मातीच्या तुकड्यावर त्यांनी खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. माती तीच, ऊन तेच, वारा तोच. बदलला तो फक्त वरचा रंग. तेवढ्याने मातीचे तापमान उतरले, आणि वरचेच नव्हे तर खालच्या थरांचेही. वस्तू किती तापेल हे हवेने ठरत नाही, वस्तूने किती ऊन गिळले यावरून ठरते, याचा याहून साधा पुरावा मिळणे कठीण.

गिळलेली उष्णता वस्तू तीन वाटांनी सोडते. लगतच्या हवेला देते, अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे फेकते आणि उरलेली स्वतःच्या पोटात किंवा खालच्या जमिनीत मुरवते. येणे आणि जाणे सारखे होईपर्यंत वस्तू तापत राहते. एकदा बरोबरी झाली की तापमान तिथे थांबते. हवेला उष्णता द्यायची तर वस्तू हवेपेक्षा गरम असावीच लागते. म्हणून उन्हातली कोरडी वस्तू दुपारी हवेइतकीच राहील असे सहसा होत नाही.

आता हे एका घसरगुंडीवर लावून पाहता येते. समजा, पटांगणात पत्र्याची घसरगुंडी आहे. मुलांच्या कपड्यांनी घासून ती गुळगुळीत आणि चकचकीत झाली आहे. दुपारी हवेचे तापमान ४३ अंश आहे, वारा मंद आहे आणि उतारावर चौरस मीटरला ८५० वॅट ऊन पडते आहे. चकचकीत दिसते म्हणून ती ऊन परतवून लावत असेल असे वाटते आणि काही अंशी ते खरेही आहे. पण वापरातला पत्रा साधारण निम्मे ऊन शोषतो, म्हणजे सव्वाचारशे वॅट. ते बाहेर कसे जाणार? इथे चकचकीत धातूचा दुसरा गुण आडवा येतो. उघडा धातू अवरक्त किरण फार कमी फेकतो. काळा किंवा पांढरा कोणताही साधा रंग ज्या प्रमाणात फेकतो, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही कमी. आकाशाकडची वाट जवळजवळ बंद असते. मग सगळा भार वाऱ्यावर येतो. मंद वाऱ्यात एक चौरस मीटर पृष्ठभाग हवेपेक्षा एक अंश जास्त तापला की सुमारे बारा वॅट सोडतो. सव्वाचारशे वॅट सोडायला त्याला हवेच्या तीसएक अंश वर जावे लागते. हिशेब सत्तर अंशांच्या थोडा वर जाऊन थांबतो. वारा पडला तर आणखी वर.

त्याच पत्र्याला पांढरा तैलरंग दिला तर दोन गोष्टी एकदम बदलतात. ऊन पावभरच शोषले जाते आणि आकाशाकडची वाट पूर्ण उघडते. त्याच दुपारी तोच पत्रा पन्नाशीच्या आसपास थांबतो. चकचकीत धातू हा उन्हात धोक्याचा असण्याचे खरे कारण हेच आहे. तो काळ्यापेक्षा कमी गिळतो, पण गिळलेले सोडत नाही. घरावरच्या नव्या जस्ती पत्र्यालाही हे लागू आहे आणि म्हणूनच पत्र्यावर चुना मारण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे.

तापमान कळले तरी भाजण्याचे गणित पूर्ण होत नाही. सारख्याच तापलेल्या लाकडी बाकावर बसता येते आणि लोखंडी बाकावर बसता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की त्यांच्या सीमेवर क्षणात एक मधले तापमान तयार होते. ते कोणाच्या बाजूला झुकेल हे उष्णता किती वेगाने पुरवली जाते यावर ठरते. त्वचा साधारण ३४ अंशांवर असते. ६५ अंशांच्या जाड पोलादावर ती टेकली तर सीमेवर ६१ अंशांच्या आसपास तापमान येते, म्हणजे पोलाद आपलेच चालवते. त्याच ६५ अंशांच्या दगडी फरशीवर ते ५४-५५ येते. लाकडावर ४२. लाकडाचा वरचा थर त्वचेला टेकताच निवतो आणि आतून नवी उष्णता यायला वेळ लागतो. पोलादात ती लगेच धावून येते.

या आकड्यांचा अर्थ मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांच्या १९४७ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासातून लागतो. त्वचा कोणत्या तापमानाला किती वेळात इजा पावते, हे त्यांनी मोजले. ४४ अंशांवर इजा व्हायला सहा तासांच्या आसपास लागतात. तिथून ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. ६० अंशांवर पाचएक सेकंद पुरतात आणि ७० वर एक सेकंदही लागत नाही. म्हणजे ६५ अंशांचे लाकूड, दगड आणि पोलाद या तिघांमध्ये सीमेवरचा फरक वीस अंशांचाही नाही, पण वेळेच्या हिशेबात तो तासांपासून सेकंदांपर्यंतचा आहे. ही मापे प्रौढ त्वचेला धरून आहेत. लहान मुलाची त्वचा पातळ असते. चटका बसल्यावर हात झटकन काढायचा हे दोन वर्षांच्या मुलाला लगेच सुचत नाही. घसरगुंडीवर तर थांबण्याची सोयच नसते. मूल एका जागी बसले तर पातळ पत्र्याची ती जागा थोडी तरी निवते. घसरणाऱ्या मांडीखाली मात्र दर क्षणाला न निवलेला, नवा पत्रा येत राहतो.

प्लॅस्टिकची घसरगुंडी बसवली की प्रश्न सुटला, ही समजूत मात्र खरी नाही. प्लॅस्टिक उष्णता सावकाश देते एवढेच. गडद निळ्या-लाल रंगाचे प्लॅस्टिक आणि खाली अंथरलेली काळी रबरी चटई धातूपेक्षाही जास्त तापू शकतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २३ अंशांच्या सौम्य दिवशी प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर मूल भाजल्याची नोंद दिली आहे. रंग आणि सावली या गोष्टी साहित्यापेक्षा आधी पाहाव्या लागतात.

मोजायचे कसे, यातही एक फसगत आहे. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या कपाळाच्या तापमापकांचा इथे उपयोग नाही. ते माणसाच्या तापाच्या पल्ल्यातच चालतात. गॅरेजमध्ये मिळणारी अवरक्त बंदूक शंभर अंशांच्या पुढेही वाचते, पण चकचकीत धातूवर तिचाही आकडा चुकतो. ती वस्तूतून येणारे अवरक्त किरण मोजते आणि धातू ते फेकतच नाही. उलट तो आरशासारखे आकाशाचे थंड किरण परत पाठवतो. मग सत्तर अंशांचा पत्रा बंदुकीत चाळिशीचा दिसू शकतो आणि शिक्षक निर्धास्तपणे मुलांना सोडतात. उपाय अगदी स्वस्त आहे. पत्र्यावर वायरमनच्या टेपचा छोटा तुकडा घट्ट चिकटवावा, पाचएक मिनिटे थांबावे आणि टेपवर नेम धरून वाचावे. टेप पत्र्याच्या तापमानाला येते आणि किरणही नीट फेकते. दगड, डांबर, रंगवलेला पत्रा, प्लॅस्टिक यांवर बंदूक थेट वाचली तरी चालते. बंदूक नसेल तर मोठ्या माणसाने हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. ती ठेववत नसेल तर मुलाला तिथे बसवू नये.

गाडीच्या आत हेच गणित काचेआड घडते. काचेतून ऊन आत येते, डॅशबोर्डवर आणि स्टिअरिंगवर मुरते. ती तापून जे अवरक्त किरण फेकतात त्यांना काच बाहेर जाऊ देत नाही आणि तापलेली हवाही कोंडलेली असते. जेनिफर व्हानोस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात, आपल्या मेसारख्या उन्हात, गाड्या उभ्या करून मोजमाप केले. ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. उन्हात तासभर उभ्या गाडीत आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली. डॅशबोर्ड ६९, स्टिअरिंग ५३ आणि सीट ५१ अंशांवर. तेवढाच वेळ सावलीत उभ्या गाडीत डॅशबोर्ड ४८ आणि स्टिअरिंग ४२ अंशांवर राहिले. कोंडलेल्या हवेपेक्षाही डॅशबोर्ड वीस अंशांनी वर आहे, कारण ऊन थेट त्याच्यावर पडते. स्टिअरिंगवर वरून रेक्झिन आणि आत फोम असल्याने ते चटका देते, पण क्वचितच फोड आणते. फोड आणते ती पट्ट्याची धातूची कडी. ती लहान असते म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही आणि ती नेमकी लहान मुलाच्या उघड्या मांडीवर येते. गाडी लावताना पट्टा सीटच्या मागे सारणे आणि स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवून ठेवणे एवढ्याने फरक पडतो. तापलेला वरचा भाग मग गाडी चालवताना खाली जातो. ट्रॅक्टरला तर काचही नाही आणि छतही बहुधा नाही. त्याच्या सीटवर गोणपाट टाकून ठेवणारा शेतकरी सावली आणि लाकडासारखा मंद थर या दोन्ही गोष्टी एकदम साधतो.

दगडी फरशीची रीत पत्र्याहून वेगळी आहे. पत्रा पातळ असतो, ढग आला की मिनिटांत निवतो. दगड उष्णता पोटात घेतो. सकाळी त्यावर अनवाणी चालता येते, दुपारी दोन-तीनच्या सुमारास तो शिखरावर पोहोचतो आणि सूर्य मावळला तरी तासन्‌तास उष्णता परत देत राहतो. शहाबादी फरशीपेक्षा काळा कडप्पा जास्त ऊन गिळतो. पांढरा संगमरवर त्याहून खूप कमी. देवळाच्या प्रांगणात, शेगावला निघालेल्या पायी दिंडीच्या वाटेवर, लग्नाच्या मांडवाबाहेर अनवाणी पावले याच फरशीवर पडतात. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तर चटका कळतच नाही. त्याला फोड संध्याकाळी घरी गेल्यावर दिसतो. अशा माणसासाठी ‘भाजले तर पाय उचलेल’ हा भरवसा कामाचा नाही.

अनेक देवस्थानांत चालण्याच्या वाटेवर पांढरा रंग देतात, काथ्याच्या चटया अंथरतात आणि त्यांवर पाणी मारतात. या तिन्हींचे गुण-दोष वेगळे आहेत. पांढरा पट्टा रामदासांच्या खडूसारखाच काम करतो. पण हजारो पावलांनी तो मळतो आणि झिजतो, धुतला नाही तर एका हंगामात त्याचा गुण बराच उतरतो. कोरडी चटई फरशीइतकीच तापू शकते, पण ती तळपायाला उष्णता सावकाश देते. पाण्याचा परिणाम सर्वांत मोठा. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढी मेच्या दुपारी एक चौरस मीटर दगडी फरशी साधारण तासाभरात शोषते. पण गुळगुळीत फरशीवर मारलेले पाणी वाहून जाते किंवा काही मिनिटांत आटते. ते धरून ठेवणारी चटई किंवा तरट नसेल तर फार थोडा उपयोग होतो. दोनशे चौरस मीटरचे प्रांगण थंड ठेवायचे तर तासाला सुमारे दोनशे लिटर पाणी लागेल. नांदुऱ्यासारख्या खारपाणपट्ट्यातल्या तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असते, तिथे हा हिशेब पाहून पाणी फक्त चालण्याच्या वाटेपुरते वापरावे हे शहाणपणाचे. तेही खारे, वापरायचे पाणी.

सावली मिळाली तर या साऱ्या खटपटी बाजूला पडतात. कडुनिंबाखालची किंवा हिरव्या जाळीखालची फरशी हवेच्या तापमानापासून फार दूर जात नाही, कारण गिळायला ऊनच नसते. पण झाड वाढायला वर्षे लागतात आणि घसरगुंडी आजच बसवायची असते. तिथे दिशेचा प्रश्न येतो, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मुले खेळायला बाहेर पडतात ती दुपारी चारच्या पुढे. मेमध्ये त्या वेळी वडनेरला सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ३९ अंशांवर असतो. घसरगुंडीचा उतार पश्चिमेकडे तोंड करून असेल तर किरण त्यावर जवळजवळ काटकोनात पडतात. पूर्वेकडे तोंड असेल तर किरण त्याला नुसते चाटून जातात आणि थेट उन्हाचा दहावा हिस्साही त्यावर येत नाही. तीच घसरगुंडी, तीच जागा, तोच खर्च. पत्रा पातळ असल्याने दुपारी बाराला तापला तरी चारपर्यंत तो निवलेला असतो.

पाय एकदा काँक्रीटमध्ये पुरले की दिशा बदलता येत नाही. म्हणून खड्डे खणण्यापूर्वी, मे महिन्यातल्या कोणत्याही दुपारी चार वाजता, पटांगणात एक काठी सरळ उभी रोवावी आणि तिची सावली जिकडे पडेल तिकडेच घसरगुंडीचा उतार ठेवायला गवंड्याला सांगावे.